भूक मारणारा धूर

आपल्याकडं, म्हणजे लातूर-नांदेड पट्ट्यात, वजन वाढण्याला दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ अगदी उलट आहेत. एखादा आजारातून उठला, चार महिने नीट जेवला, की बायका म्हणतात, ‘आता कसं अंग धरलंय.’ तोच माणूस आणखी दोन वर्षांनी दिसला, की त्याच बायका हळूच म्हणतात, ‘अंग सुटलं की हो.’ धरणं चांगलं, सुटणं वाईट. बिडी-सिगारेट सोडलेल्या माणसाबद्दल हे दोन्ही शब्द वापरले जातात, आणि दोन्ही खरे असू शकतात. टपरीवर मात्र यातला दुसराच तेवढा ऐकू येतो. ‘सोडली होती गड्या, पण पोट सुटायला लागलं, म्हणून परत धरली.’

हे कारण खोटं नाही. सिगारेट सोडल्यावर बहुतेकांचं वजन वाढतं, ते मोजलं गेलंय. पण या वाक्याला एक इतिहास आहे. त्यातला काही भाग शरीराचा आहे, काही पोटाच्या खळगीचा आणि काही चक्क जाहिरातीचा. तिन्ही वेगळे केले तरच नेमकं किती घाबरायचं ते कळतं.

सुरुवात पोटाच्या खळगीपासून करू. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात निकोलास मोनार्देस नावाचा वैद्य राहत होता. तो स्वतः कधी अमेरिकेला गेला नाही, पण तिथून येणारी जहाजं त्याच्याच शहराच्या बंदरात लागत. खलाशी आणि व्यापारी जे पाला-मुळं आणत, त्यांवर तो लिहीत असे. 1571 मध्ये त्यानं तंबाखूवर लिहिलं, आणि त्यातला एक तपशील वाचून आपल्याकडच्या कुणालाही ओळखीचं काहीतरी दिसेल. तो सांगतो की तिथले मूळ रहिवासी शिंपले भाजून त्यांची पूड करतात, ती तंबाखूच्या पानात मिसळून गोळ्या वळतात आणि लांबच्या वाटेवर अशी एकेक गोळी ओठाआड धरून तीन-चार दिवस अन्नपाण्यावाचून चालत राहतात. शिंपले भाजून केलेली पूड म्हणजे चुना. तळहातावर तंबाखू-चुना मळून दाढेखाली धरणाऱ्या आपल्या ऊसतोड कामगाराचीच ही कृती, साडेचारशे वर्षांपूर्वीची आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडची.

तेव्हा तंबाखू युरोपात पोचली ती ‘भूक मारणारं पान’ ही ओळख घेऊनच. आपल्याकडं ती समुद्रामार्गे, पोर्तुगीजांच्या हातून आली. दख्खनमध्ये ती उत्तरेच्या आधी रुजली होती. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता, तो 1604-05 च्या सुमारास परतताना तंबाखू आणि ती ओढायची नळी सोबत घेऊन गेला आणि ती बादशहापुढं ठेवली. अकबरानं एक-दोन झुरके घेतले, हकिमांनी नाकं मुरडली, असं असद बेगनंच लिहून ठेवलंय. म्हणजे दिल्ली-आग्र्याला हे प्रकरण नवं होतं तेव्हा विजापूरच्या बाजारात ते मिळत होतं.

पुढच्या तीन शतकांत ती दरबारातून शेताच्या बांधावर आली. विसाव्या शतकात बिडीचा पसारा महाराष्ट्रभर होता. पान विदर्भातल्या जंगलातलं, तंबाखू निपाणीकडची, वळणारे हात सोलापूरचे नाहीतर सिन्नरचे. आणि ओढणारा बहुधा असा, ज्याला दुपारचं जेवण कधी मिळेल याची खात्री नाही. बिडीनं भूक थोपते हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता जाहिरातीचा भाग. तो इथला नाही, अमेरिकेतला आहे, पण ‘सिगारेट म्हणजे सडपातळ’ हे समीकरण आपल्या डोक्यात ज्यांनी बसवलं त्यांची ओळख करून घेतलीच पाहिजे. 1928 मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीनं आपल्या लकी स्ट्राइक सिगारेटसाठी एक मोहीम काढली. कंपनीचे प्रमुख होते जॉर्ज वॉशिंग्टन हिल. बायका सिगारेट ओढत नाहीत, म्हणजे अर्धा बाजार रिकामा पडलाय, ही त्यांची तक्रार. तेव्हा अमेरिकेत बारीक दिसण्याची फॅशन जोरात होती. हिल यांच्या जाहिरातीचा अर्थ असा होता की गोड खावंसं वाटलं तर गोडाऐवजी एक लकी उचला. मोहिमेत त्यांच्यासोबत एडवर्ड बर्नेज हा प्रसिद्धीतला उस्ताद होता. बारीक शरीराचं कौतुक करणारे लेख यावेत, कलाकारांनी-डॉक्टरांनी गोडाविरुद्ध बोलावं, अशी व्यवस्था तो पडद्याआडून करत होता.

मिठाई आणि चॉकलेट बनवणारे भडकले. तक्रारी झाल्या, आणि 1930 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं सिगारेट वजन कमी करते असा दावा करायला कंपनीला मनाई केली. त्यावर कंपनीनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. नव्या जाहिरातीत एका सडपातळ बाईमागं तिचीच जाड, दुहेरी हनुवटीची सावली दाखवली, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं की लकी ओढल्यानं वजन घटतं असं आम्ही म्हणत नाही, पण जास्त खायचा मोह होईल तेव्हा लकी उचलली तर जास्त खाणं टळेल. दावा मागं घेतला, पण सावली ठेवून दिली. ती सावली अजून गेलेली नाही. कॉलेजच्या गेटबाहेर ‘मी सोडली तर फुगेन’ म्हणणाऱ्या मुलीच्या मागं तीच उभी असते.

गंमत अशी की जाहिरात खोटारडी असली तरी तिच्या पोटात एक खरी गोष्ट होती, आणि ती नीट मोजायला आणखी साठ वर्षं लागली.

1986 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी आठ निरोगी सिगारेट ओढणाऱ्यांना एका बंद खोलीत राहायला सांगितलं. ही खोली म्हणजे एक मोजमापाचं यंत्रच. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासून, माणसानं चोवीस तासांत किती ऊर्जा खर्च केली ते त्यातून काढता येतं. प्रत्येकानं एक दिवस 24 सिगारेटी ओढून काढला आणि एक दिवस एकही न ओढता. जेवण तेच, हालचाल तीच. सिगारेटच्या दिवशी शरीराचा खर्च सुमारे 10 टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणजे साधारण 200 कॅलरी. काही न करता, बसल्या जागी.

हे का होतं? निकोटीनमुळं शरीर कायम थोडं सावध, थोडं ताणलेलं राहतं. हृदय जोरात चालतं, ताणाच्या वेळी सुटणारी रसायनं जास्त सुटतात. उभ्या मोटारसायकलचा ॲक्सिलेटर कुणी किंचित पिळून धरावा तसं. गाडी कुठंच जात नाही, पेट्रोल मात्र जळतं. सिगारेट सुटली की हात ॲक्सिलेटरवरून निघतो आणि खर्च मूळ जागी येतो. हे ‘चयापचय मंदावणं’ नव्हे. चुकीच्या ताणानं वाढलेला खर्च बरोबर झाला, एवढंच.

दुसरं कारण मेंदूतलं, आणि मोनार्देसच्या गोळ्यांचं उत्तर त्यात आहे. मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात, त्या पेटल्या की ‘पोट भरलं’ असा निरोप जातो. 2011 मध्ये येल विद्यापीठाच्या गटानं उंदरांवर दाखवून दिलं की निकोटीन थेट याच पेशी पेटवतं. भूक खरोखर भागत नाही, भागल्याचा निरोप तेवढा जातो. ‘भूक मारणं’ हा आपला शब्दप्रयोग त्यामुळं फार नेमका आहे. सिगारेट सुटली की खोटा निरोप बंद होतो. जिभेची आणि नाकाची धार परत येते, फोडणीचा वास पुन्हा लागतो. तोंड आणि हात रिकामे झालेले असतात. आणि ज्या मेंदूला दिवसातून पंधरा-वीस वेळा छोटी खुशी मिळत होती, तो दुसरी खुशी शोधतो. सगळ्यात स्वस्त आणि जवळची खुशी म्हणजे गोड.

मग किती वजन वाढतं? याचं सगळ्यात नीट उत्तर 2012 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय पत्रिकेत आलं. त्यात 62 अभ्यास एकत्र केले होते. कुठलंही औषध न घेता सिगारेट सोडून वर्षभर टिकलेल्यांचं वजन पहिल्या महिन्यात सरासरी 1.1 किलो वाढलं, तीन महिन्यांत 2.9, सहा महिन्यांत 4.2 आणि वर्षाच्या शेवटी 4.7. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले आहेत हे लक्षात ठेवू. पण त्यांची चढण बघा. निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या तीन महिन्यांतली, आणि शेवटच्या सहा महिन्यांत फक्त अर्धा किलो. म्हणजे वजन वाढतच राहत नाही. रोजच्या 200 कॅलरी वर्षभर साठत गेल्या असत्या तर कागदावर 9 किलोच्या वर जायला हवं होतं. तसं होत नाही, कारण शरीर जड झालं की ते चालवायला खर्चही वाढतो आणि भूकही काही आठवड्यांनी ताळ्यावर येते.

या सरासरीच्या आड बरंच काही दडलंय. त्याच अभ्यासात दर शंभरातल्या सोळा जणांचं वजन वर्षभरात उलट घटलं, आणि तेरा जणांचं दहा किलोपेक्षा जास्त वाढलं. टपरीवर आपल्याला आठवतात ते हे तेरा. सोळाजणांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडं सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

आता परत आपल्याकडं येऊ, कारण इथं गणित बदलतं.

1990 च्या दशकात मुंबईत एक मोठं काम झालं. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारयाद्या हातात घेऊन, घरोघर जाऊन, पस्तिशीच्या पुढच्या माणसांना तंबाखूबद्दल विचारलं आणि त्यांची उंची-वजनं घेतली. पहिल्या फेरीतच 99,598 माणसं झाली. त्यात बिडीवाले, सिगारेटवाले होते, आणि तंबाखू खाणाऱ्या, मिसरी लावणाऱ्या बायका तर भरपूर होत्या. या माहितीवरून 2006 मध्ये असं मांडलं गेलं की तंबाखू कुठल्याही रूपात घेणाऱ्यांमध्ये, मग ती ओढायची असो की खायची, कमी वजनाची माणसं जास्त आहेत. वय आणि शिक्षण हिशेबात धरूनही हा फरक उरला. गरिबी हे कारण त्यात मिसळलेलं असणारच. ज्याचं पोट भरत नाही तोच बिडी जास्त ओढतो. पण बिडीवर घातलेले पैसे आणि मारलेली भूक, दोन्ही त्याच दिशेनं ढकलतात.

अमेरिकेत 1928 साली प्रश्न होता बारीक कसं राहायचं. आपल्याकडं लाखो लोक आधीच बारीक होते, आणि तंबाखू त्यांना आणखी खाली दाबत होती. म्हणून तेच साडेचार-पाच किलो दोन माणसांच्या अंगावर दोन वेगळे अर्थ घेऊन येतात. गणितासाठी आपण दोन माणसं धरू. दोघंही लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास काम करतात, दोघांची उंची 165 सेंटिमीटर.

पहिला हमाल. वजन 48 किलो, दिवसाला बिडीचं एक बंडल. उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, त्याचा येतो 17.6. साडेअठराच्या खाली म्हणजे कमी वजन. यानं बिडी सोडली आणि 4.7 किलो वाढले तर तो 52.7 ला येतो, बीएमआय 19.4. हा माणूस निरोगी पट्ट्यात आला. याला ‘अंग सुटलं’ म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. यानं अंग धरलं. त्याला वजन आवरायचा सल्ला देऊ नका, भाकरीबरोबर वरणाची वाटी वाढा.

दुसरा अडतीच्या दुकानातला मुनीम. वय 36, वजन 64 किलो, दिवसाला बारा सिगारेटी, दिवसभर गादीवर बैठक. बीएमआय 23.5. कंबर 88 सेंटिमीटर. बारा सिगारेटी म्हणजे त्या स्विस खोलीतल्या निम्म्या, तेव्हा त्याचा जादा खर्च शंभरेक कॅलरींचा धरू. तरी भूक आणि गोडाची ओढ आहेच. सरासरीइतकं वाढलं तर तो 68.7 किलोंवर आणि 25 च्या पुढं जातो. याच्यासाठी हा आकडा जपण्यासारखा आहे, आणि त्याचं कारण पुण्यात सापडलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3, अगदी बरोबर. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच म्हणत होता. आपण हातापायानं बारीक आणि पोटात चरबी बाळगणारे लोक आहोत, हे त्या एका फोटोनं जगाला सांगितलं. त्यात धूम्रपान करणाऱ्यांची आणखी एक खोड आहे. त्यांचं वजन कमी असलं तरी तेवढ्याच वजनाच्या न ओढणाऱ्यांपेक्षा त्यांची चरबी पोटाभोवती जास्त असते. म्हणजे लकी स्ट्राइकच्या त्या सडपातळ बाईची खरी सावली एक्स-रेनं काढली असती तर ती पोटाकडंच फुगलेली निघाली असती.

म्हणून मुनीमानं काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवावं. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 ही भारतीयांची रेघ. पँटचा नंबर ही कंबर नव्हे. पँट आपण पोटाच्या खाली बांधतो.

आवरायचं कसं? इथं पहिली चूक सगळे एकच करतात. सिगारेट सोडली त्याच सोमवारी भात बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद. 1992 मध्ये अमेरिकेत शॅरन हॉल आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग शिस्तीत करून पाहिला. सिगारेट सोडणाऱ्या काही गटांना सोबत वजन आवरण्याचा कार्यक्रमही दिला. अपेक्षा होती की वजनाची धास्ती गेली की सोडणं सोपं होईल. झालं उलटं. ज्यांना वजनाचा कार्यक्रम दिला होता तेच जास्त संख्येनं परत सिगारेटकडं गेले. उपाशी मेंदू आणि निकोटीन मागणारा मेंदू एकच असतो. दोन्हीकडून ओढलं की तो तुटतो. सगळे अभ्यास इतकं टोकाचं सांगत नाहीत, पण पहिले दोन-तीन महिने कडक डाएट नको, हे यातून घेण्यासारखं आहे.

कडक डाएट नको म्हणजे काय नको आणि काय चालेल? मुनीमाचा दिवस बघू. आधी त्याची सिगारेट चहासोबत होती. सिगारेट गेली, चहा राहिला, आणि रिकाम्या हातानं चहाची संख्या तीनवरून सहावर नेली. दोन चमचे साखर आणि थोडं दूध घातलेला एक कप साधारण 75 कॅलरींचा. तीन कप वाढले म्हणजे सव्वादोनशे. सिगारेट जेवढ्या कॅलरी जाळत होती त्याच्या दुप्पट इथंच झाल्या, आणि त्यानं अजून एक भजंही खाल्लेलं नाही.

चहाचं आणखी एक प्रकरण आहे, ते फार कमी लोकांना माहीत असतं. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळं यकृत कॅफीन झपाट्यानं निकाली काढतं. सिगारेट सुटली की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तात कॅफीन दुपटीच्या आसपास राहतं. मग छाती धडधडते, झोप उडते, चिडचिड होते. माणसाला वाटतं ही तलफ आहे, आणि तो तलफ मारायला पुन्हा चहा पितो, नाहीतर सिगारेटच शिलगावतो. त्यामुळं सोडण्याच्या पहिल्या आठवड्यापासून चहा निम्म्यावर आणणं हा वजनाचा आणि टिकण्याचा, दोन्हींचा उपाय आहे. उरलेल्या तीन कपांत साखर एक चमचा केली की आणखी साठ कॅलरी गेल्या.

तोंडाला काहीतरी लागतंच, ते नाकारून उपयोग नाही. इथं आपल्या पट्ट्यात एक सापळा आहे: शेंगदाणे. पौष्टिक आहेत म्हणून माणूस खिशात भरून ठेवतो. एक मूठ, म्हणजे तीसेक ग्रॅम, 170 कॅलरींची असते आणि मूठ एकच राहत नाही. त्याऐवजी बडीशेप, लवंग, काकडी, हंगामात हुरडा-बोरं, नुसते चिरमुरे. सुशीला चालेल, पण हॉटेलातली नव्हे, घरची, कमी तेलातली. जेवण मात्र वेळेवर आणि पोटभर, वरण किंवा उसळ दोन्ही वेळेला. सिगारेट ओढणारे बरेचजण सकाळचं खाणं झुरक्यावर भागवतात. ते सुरू झालं पाहिजे. नाहीतर अकरा वाजता वडापाव येतो, आणि तो तीनशेच्या घरातला असतो.

चालण्याचं गणित सरळ आहे. मुनीमाच्या वजनाच्या माणसानं पाऊण तास झपझप चालणं म्हणजे दीडशेच्या आसपास कॅलरी. बारा सिगारेटींचा हिशेब त्यात सुटतो. 1999 मध्ये अमेरिकेत बेस मार्कस यांनी सिगारेट सोडणाऱ्या बायकांना बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा दमवणारा व्यायाम दिला. त्यांचं वजन सरासरी 3 किलो वाढलं, व्यायाम न केलेल्या गटाचं 5.4. आणि व्यायामवाल्या गटात सिगारेट सुटलेल्यांचं प्रमाणही जवळजवळ दुप्पट होतं. डाएटनं जे बिघडवलं ते व्यायामानं सावरलं.

निकोटीनच्या च्युइंगगमबद्दलही विचारलं जातं. 2 मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये मिळतो. त्यानं वजनवाढ रोखली जात नाही, पुढं ढकलली जाते. गम सुटला की राहिलेलं वजन येतं. पण पुढं ढकलणं ही लहान गोष्ट नाही. पहिले तीन महिने सिगारेट सोडण्याची लढाई लढायची आणि पोटाची नंतर, एवढी सवड त्यातून मिळते. फक्त तो साध्या गमसारखा सतत चघळायचा नसतो. तोंडात झिणझिण्या आल्या की गालाशी धरून ठेवायचा, थांबल्या की पुन्हा थोडा चावायचा. चहानंतर लगेच घेतला तर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. पंधरा मिनिटं थांबावं. ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिन चालू आहे, त्यांनी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावं, कारण वजन आणि साखर दोन्ही हलतात. सोडताना बोलायला कुणी हवं असेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे; तो सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो.

आणि आपल्याकडची खास पळवाट. राज्यात ओढणारे तसे कमीच. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे 3.8 टक्के आणि खाणारे 24.4 टक्के निघाले. त्यामुळं बिडी-सिगारेट सोडणाऱ्याच्या हाताशी पुडी कायम तयार असते. पुडी धरली की वजन वाढत नाही, आणि माणूस खुशीत सांगतो, ‘बघा, सोडली तरी जाड झालो नाही.’ ते बरोबरच आहे, कारण निकोटीन सुटलेलंच नाही. मुंबईच्या त्या अभ्यासात खाणारेही बारीकच होते. वर्षभरात एक किलोही वाढलं नाही असं कुणी सांगितलं तर तो त्या सोळांतला असेल, पण आधी त्याची दाढ बघावी.

राहिला घाबरण्याचा प्रश्न. 2018 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातल्या पुरुषांवरचा दीर्घ अभ्यास आला. त्यात वजनवाढीची खरी किंमत दिसली. सिगारेट सोडल्यावर पाच ते सात वर्षांच्या सुमाराला मधुमेहाचा धोका, ओढत राहिलेल्यांपेक्षाही वर चढतो आणि मग उतरतो. ज्यांचं वजन वाढलं नाही त्यांच्यात ही चढण दिसलीच नाही. म्हणजे कंबर जपायला खरं कारण आहे, आणि मधुमेहाच्या आपल्या प्रदेशात तर जास्तच. पण त्याच अभ्यासात, ज्यांचं वजन दहा किलोपेक्षा जास्त वाढलं त्यांच्यातही, हृदयविकार आणि पक्षाघातानं मरण्याचा धोका ओढत राहिलेल्यांच्या निम्म्याहून कमी होता. दहा किलो वाढूनही.

तिशीच्या पुढच्या माणसांसाठी आशाताई घरी घेऊन येतात त्या तपासणीच्या कागदावर तंबाखू आणि कंबर यांचे प्रश्न एकाच यादीत असतात. प्रत्येक उत्तराला गुण. रोज तंबाखू घेणाऱ्याला 2, पूर्वी घेत होता त्याला 1. पुरुषाची कंबर 90 पर्यंत असेल तर 0, 91 ते 100 असेल तर 1. आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल नसेल तर आणखी 1. आपला मुनीम सिगारेट सोडण्याआधी 2, 0 आणि 1, असा तीन गुणांवर होता. सोडली आणि कंबर 91 झाली, तर 1, 1 आणि 1, पुन्हा तीनच. कागद म्हणतो बरोबरी झाली, जी मरणाच्या आकड्यांत मुळीच नाही. पाऊण तासाचं चालणं आठवड्यातून चार दिवस टिकलं तर हालचालीचा गुण जातो आणि दोन उरतात. आणि टेप 90 च्या आत राहिली तर एक.